दोरी ओढायची कुणी?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्ट शहरात जनरल मोटर्सचा मोटारी जोडण्याचा मोठा कारखाना होता. तिथला एक नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. लाइन थांबवायची नाही. बोल्ट बसला नाही, दरवाजा नीट लागला नाही, पुढच्या गाडीला भलतेच इंजिन आले, काहीही झाले तरी पट्टा चालत राहिला पाहिजे. शिफ्ट संपताना सुपरवायझरला एकच आकडा विचारला जाई : गाड्या किती निघाल्या? त्यातल्या किती धड होत्या, हा प्रश्न नंतरचा आणि दुसऱ्या खात्याचा. सदोष गाड्या मागच्या आवारात रांगेने उभ्या राहत आणि तिथे वेगळी माणसे त्या उघडून दुरुस्त करत बसत.

कामगारांनीही त्याला साजेसे उत्तर शोधले होते. रोज पाचातला एक माणूस कामावरच येत नसे. दारू पिऊन कामावर येणे हे नवल नव्हते. गाडीच्या दारात मुद्दाम रिकामी बाटली टाकून ते बंद करायचे, म्हणजे गिऱ्हाइकाला आयुष्यभर खडखडाट ऐकू येईल, असे प्रकार चालत. अचानक संप व्हायचे, युनियनच्या तक्रारींच्या फाइली साचत राहायच्या. 1982 मध्ये कंपनीने कारखान्याला टाळे ठोकले, तेव्हा जनरल मोटर्समधल्या कित्येकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

तोच कारखाना, तीच माणसे आणि दोन-अडीच वर्षांनी अमेरिकेतल्या उत्तम दर्जाच्या गाड्या. ‘रणनीतीची अंमलबजावणी’ या रुक्ष विषयात याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. एमबीएच्या परीक्षेत या विषयावर हमखास प्रश्न येतो आणि विद्यार्थी हमखास एक आकृती काढतात. मॅकिन्से या सल्लागार कंपनीतल्या टॉम पीटर्स, रॉबर्ट वॉटरमन आणि ज्युलियन फिलिप्स यांनी 1980 साली एका लेखात मांडलेली, ‘सात एस’ म्हणून ओळखली जाणारी ही आकृती. स्ट्रॅटेजी, स्ट्रक्चर, सिस्टिम्स, स्टाफ, स्किल्स, स्टाइल आणि मधोमध शेअर्ड व्हॅल्यूज, म्हणजे सगळ्यांनी मिळून मानलेली मूल्ये. (चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत भिंतीवर जे ‘फाइव्ह एस’ लावलेले असते ते वेगळे. ते जागा आवरून नीटनेटकी ठेवण्याबद्दल आहे.) आकृती काढून होते, सातही गोलांना नावे देऊन होतात, प्रत्येकाखाली चार ओळी लिहून होतात आणि मार्क मिळतात. पण त्या लेखाचा सारा जोर गोलांवर नव्हता, त्यांना जोडणाऱ्या रेघांवर होता. बाकीचे गोल जागच्या जागी ठेवून एकाच गोलात मोठी प्रगती करणे अवघड, कदाचित अशक्यच, असे त्यांचे म्हणणे होते.

ते कसे, हे पाहायला कारखान्यातली एकच वस्तू घेऊ. एक दोरी.

टोयोटाला 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गाड्या बनवायच्या होत्या. जपानी गाड्यांच्या आयातीवर मर्यादा आल्या होत्या. पण अमेरिकन कामगार, अमेरिकन युनियन आणि अमेरिकन पुरवठादार यांच्यासह आपली पद्धत चालेल का, याची धाकधूक होती. जनरल मोटर्सला फायद्यात छोटी गाडी बनवता येत नव्हती आणि टोयोटाची पद्धत आतून पाहायची होती. फेब्रुवारी 1983 मध्ये जनरल मोटर्सचे रॉजर स्मिथ आणि टोयोटाचे एजी टोयोडा यांनी करार केला. निम्मी-निम्मी भागीदारी, जागा फ्रीमॉन्टची, कारभार टोयोटाचा. नव्या कंपनीचे नाव ‘न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग’, बोलण्यात ‘नुम्मी’. डिसेंबर 1984 मध्ये पहिली शेव्हरोले नोव्हा बाहेर पडली. सुरुवातीला घेतलेल्या कामगारांपैकी सुमारे 85 टक्के जुन्या फ्रीमॉन्टचेच होते आणि युनियनचे जुने पुढारीही त्यांच्याबरोबर परत आले होते.

नव्या कारखान्यात लाइनच्या कडेने, हाताला येईल अशी एक दोरी बांधलेली होती. जपानी कारखान्यातली ही ‘आंदोन’ची दोरी. काही चुकतेय असे वाटले की कुणाही कामगाराने ती ओढायची. ओढली की ठरलेली धून वाजते, वरच्या फलकावर त्या जागेचा दिवा लागतो आणि टीम लीडर धावत येतो. लाइन लगेच थांबत नाही, हे महत्त्वाचे. गाडी त्या जागेच्या शेवटच्या खुणेपर्यंत सरकत राहते. तेवढ्यात अडचण सुटली तर टीम लीडर पुन्हा दोरी ओढतो आणि काम पुढे चालू राहते. नाही सुटली तर खुणेवर पोचताच लाइन थांबते. एका माणसाच्या वाट्याचे काम साधारण मिनिटभराचे. म्हणजे मदत येऊन प्रश्न सुटायला हाताशी मिनिटभर किंवा त्याहूनही कमी वेळ.

आता या दोरीच्या मागे काय काय लागते ते पाहू. मिनिटाच्या आत माणूस पोचायचा तर तो जवळच असला पाहिजे आणि त्याच्या डोक्यावर फार माणसांचा भार नको. म्हणून नुम्मीत चार-सहा कामगारांमागे एक टीम लीडर होता आणि अशा काही टीम्सवर एक ग्रुप लीडर. जुन्या फ्रीमॉन्टला अशी पायरीच नव्हती. तिथे फोरमनखाली मोठी फौज असे आणि फोरमनचे काम मुख्यतः शिस्त लावण्याचे. त्याला प्रत्येक हाकेला धावता आलेच नसते. पुन्हा, आलेल्या टीम लीडरला कुणाचेही काम करता आले पाहिजे. जुन्या कराराप्रमाणे कामांचे ऐंशीच्यावर वर्ग होते आणि एका वर्गातल्या माणसाने दुसऱ्या वर्गाच्या कामाला हात लावला की तक्रार दाखल व्हायची. नुम्मीत युनियनने उत्पादनातल्या सगळ्या कामांसाठी एकच वर्ग मान्य केला. कुशल कारागिरांचेही मोजकेच वर्ग ठेवले. आकृतीतल्या ‘स्ट्रक्चर’ या गोलाचा अर्थ इथे पदांचा तक्ता एवढाच नाही. हाक मारल्यावर कोण येणार आणि आल्यावर त्याला कशाला हात लावता येणार, हे त्यात ठरते.

पण काही चुकतेय हे कामगाराला कळायचे कसे? त्यासाठी बरोबर काय ते आधी ठरलेले हवे. जुन्या कारखान्यात ऐंशीच्या आसपास इंडस्ट्रियल इंजिनिअर स्टॉपवॉच घेऊन कामाची मापे ठरवत आणि ती मापे चुकवणे हा कामगारांचा छंद होता. नुम्मीत स्टॉपवॉच कामगारांच्या हातात गेला. टीमने आपल्याच कामाचे तुकडे पाडायचे, वेळ मोजायची, सर्वांत सोपी आणि सुरक्षित रीत ठरवायची आणि एका तक्त्यावर लिहून काढायची : उजव्या हातात तीन बोल्ट, आधी खालचा, मग मधला, अमुक सेकंद. पॉल ॲडलर या अभ्यासकाने 1993 मध्ये या कारखान्याबद्दल लिहिताना नेमके यावरच बोट ठेवले. टेलरच्या काळापासून जे तंत्र कामगारावर लादले जात होते तेच इथे कामगारांच्या हाती आल्यावर त्यांना ते आपले वाटू लागले. तक्ता असला की चौथ्या सेकंदाला संपायला हवे होते ते काम सातव्या सेकंदाला चालू आहे हे करणाऱ्यालाच दिसते आणि हात दोरीकडे जातो. तक्ता नसेल तर गडबड लक्षात येते ती गाडी चार स्टेशने पुढे गेल्यावर.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. जपानमधल्या टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात भागांचा साठा सुमारे दोन तासांचा असे, जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात दोन आठवड्यांचा आणि नुम्मीत दोन दिवसांचा. साठा भरपूर असला की खराब भाग बाजूला टाकून दुसरा उचलता येतो. दोरी ओढायची गरजच पडत नाही आणि खराबी कुठून आली हे कुणी शोधत नाही. साठा कमी असला की लपायला जागा उरत नाही. ‘सिस्टिम्स’ म्हणजे केवळ संगणक आणि फॉर्म असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे : गोदामात किती माल ठेवायचा हा निर्णयसुद्धा माणसे खरे बोलतील की नाही हे ठरवतो.

कौशल्याचे काय? नुम्मीने सुमारे साडेचारशे टीम लीडर आणि ग्रुप लीडर यांना जथ्याजथ्याने जपानला, ताकाओकाला पाठवले. तिथे काही आठवडे त्यांनी जपानी कामगारांच्या शेजारी उभे राहून तेच काम केले. या प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्यांत टोयोटाने नेमलेले जॉन शूक हे अमेरिकन होते. पुढे 2010 मध्ये त्यांनी या अनुभवावर एक लेख लिहिला. परत आलेल्यांच्या आठवणींत काम अडले तेव्हा आलेला माणूस सर्वांत ठळक राहिला. तो ओरडायला आलेला नव्हता. अडचण काय झाली एवढेच विचारून तो शेजारी उभा राहून हात लावत होता.

दोरीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या मनात शेवटचा हिशेब एकच असतो : ओढली तर माझे काय होईल? आणि दुसरा, जरा खोलातला : आम्ही काम सुधारले, पाच माणसांचे काम चौघांत बसवले, तर पाचव्याचे काय? याला भिंतीवरची घोषणा पुरत नाही. नुम्मीत व्यवस्थापक आणि कामगार एकाच कॅन्टीनमध्ये जेवत, साहेबांसाठी राखीव पार्किंग नव्हते. याच वर्षांत आपल्याकडे गुडगावला मारुतीचा कारखाना उभा राहिला, तिथेही सुझुकीने एकच गणवेश आणि एकच कॅन्टीन आणले आणि त्याची पुष्कळ चर्चा झाली. पण एकाच टेबलावर जेवून कुणाची नोकरी वाचत नाही. फरक पडला तो 1985च्या करारातल्या कलमाने. कंपनीचे अस्तित्वच धोक्यात येईल अशी गंभीर आर्थिक स्थिती आल्याशिवाय कपात करणार नाही, आणि तशी वेळ आली तरी आधी अधिकारी व व्यवस्थापकांचे पगार कमी करू, बाहेर दिलेले काम आत आणू, असे त्यात लिहिले होते.

मग परीक्षा झाली. 1988च्या सुमारास नोव्हाचा खप इतका घसरला की कारखान्याची जेमतेम साठ टक्के क्षमताही वापरात नव्हती. जुन्या फ्रीमॉन्टमध्ये अशा वेळी शेकडो माणसांना घरी पाठवले असते. नुम्मीने एकालाही काढले नाही. रिकाम्या झालेल्यांना प्रशिक्षणाला बसवले, सुधारणेच्या कामांवर लावले, पूर्वी ठेकेदाराला दिलेली कामे त्यांच्याकडून करून घेतली. कंपनीचा शब्द खरा असतो ही समजूत माझ्या मते त्या वर्षी पक्की झाली. तोवर ते कागदावरचे वचन होते.

यातून शूक यांनी काढलेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो, कारण तो नेहमीच्या समजुतीच्या उलट आहे. आपल्याकडेही नवा एमडी आला की प्रथम ‘व्हॅल्यूज’ची कार्यशाळा होते, मग पोस्टर, मग शपथ. आधी मन बदला, मग वागणे बदलेल, असा हिशेब. शूक म्हणतात की फ्रीमॉन्टमध्ये आधी वागणे बदलले. माणसांना रोज वेगळे वागता येईल अशी साधने आणि रचना दिली, त्या वागण्याचा त्यांना चांगला अनुभव आला आणि मूल्ये मागाहून आली. आकृतीत शेअर्ड व्हॅल्यूज मधोमध काढलेली असल्यामुळे ती सुरुवातीची पायरी वाटते. फ्रीमॉन्टमध्ये ती बाकीच्या सगळ्यांची निष्पत्ती होती.

निकाल मोजले गेले. एमआयटीच्या अभ्यासकांनी 1980च्या दशकाच्या मध्यावर तीन कारखान्यांची तुलना केली. एक गाडी जोडायला फ्रेमिंगहॅमला 31 मनुष्य-तास लागत, ताकाओकाला 16 आणि नुम्मीला 19. शंभर गाड्यांमागे जोडणीचे दोष फ्रेमिंगहॅमला 135, ताकाओकाला 45, नुम्मीलाही 45. गैरहजेरी वीस टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांवर आली. यंत्रांच्या बाबतीत नुम्मी फार पुढारलेला नव्हता. त्याच काळात जनरल मोटर्स रोबोंवर अब्जावधी डॉलर खर्च करत होती, आणि तिच्या एका नव्याकोऱ्या कारखान्यातले रोबो गाड्यांऐवजी एकमेकांना रंग फासत असल्याच्या गोष्टी उद्योगजगतात चवीने सांगितल्या जात.

जनरल मोटर्सला हे सगळे दिसत होते. निम्मा मालक तीच होती. मग तिने ते उचलले का नाही? इथे गोष्ट खरी रंगते. दक्षिणेला सुमारे पाचशे किलोमीटरवर, लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस भागात तिचा दुसरा कारखाना होता. तिथे कॅमारो आणि फायरबर्ड बनत. नुम्मी पाहून आलेल्या माणसांनी 1987च्या सुमारास तिथे टीम पद्धत आणली, कामगारांना प्रशिक्षण दिले, लाइन थांबवायची सोयही केली. थोडक्यात, दोरी आली. पण व्यवस्थापकांचा बोनस अजूनही निघालेल्या गाड्यांच्या आकड्यावर ठरत होता. कुणी लाइन थांबवली की वरचा साहेब लाल होऊन खाली येई. दोनतीनदा तसे झाले की चौथ्यांदा कोण हात लावणार?

समजा, कुणी धीर करून ओढलीच, आणि कळले की बाहेरून आलेला भागच नीट बसत नाही. नुम्मीत ही खबर थेट पुरवठादाराकडे जाई आणि भाग सुधारून येई. व्हॅन नाइसला खबर डेट्रॉइटच्या वेगळ्या खात्यात जाई. तिथले इंजिनिअर नकाशे बदलायला तयार नसत, कारण कारखाना त्यांचा साहेब नव्हता आणि तो सांगेल ते ऐकण्यात त्यांचा काही लाभही नव्हता. कारखान्याच्या भिंतीच्या आतली रचना बदलली होती, बाहेरची तशीच होती. युनियनमध्येही उभी फूट पडली. ज्येष्ठतेने मिळवलेली हलकी कामे टीम पद्धतीत जातील, ही भीती खोटी नव्हती. शिवाय फ्रीमॉन्टच्या कामगारांनी कारखाना बंद पडलेला पाहिला होता, व्हॅन नाइसच्यांनी नाही. 1992 मध्ये तोही बंद पडला.

एक किस्सा या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो. जनरल मोटर्सच्या एका मोठ्या अधिकाऱ्याने हाताखालच्या व्यवस्थापकाला कॅमेरा देऊन सांगितले म्हणे, की नुम्मीच्या इंच-इंच जागेचे फोटो काढ आणि आपला कारखाना हुबेहूब तसा कर. फोटोत दोरी येते. टीम लीडरला सारी कामे येतात, साठा दोन दिवसांचाच आहे, कपात न करण्याचे कलम पाळले गेले आहे, यांतले काहीच फोटोत येत नाही.

नुम्मीचे गोडवे गाताना दुसरी बाजू लपवणे बरे नाही. माइक पार्कर आणि जेन स्लॉटर या कामगार चळवळीतल्या लेखकांनी 1988 मध्ये या पद्धतीला ताणावर चालणारे व्यवस्थापन म्हटले. मिनिटातले पंचेचाळीस सेकंद काम करणारा कामगार इथे सत्तावन्न सेकंद राबतो, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो कुणी पुरता खोडून काढलेला नाही. 1993 मध्ये नवे मॉडेल घाईने लाइनवर आले तेव्हा हात, मनगट आणि पाठीच्या दुखापती वाढल्या आणि राज्याच्या सुरक्षा खात्याने कारखान्यावर ठपका ठेवला. दोष गाडीत असेल तर दोरी ओढायची सवय सगळ्यांना होती. दोष कामाच्या रीतीत असेल आणि तो स्वतःच्या खांद्यात दुखत असेल, तर त्यासाठी तितकीच जलद यंत्रणा उभारलेली नव्हती.

म्हणून एखाद्या कंपनीत नवी रणनीती खरोखर रुजली का हे ताडायचे असेल, तर मी वार्षिक अहवालातली आकृती पाहणार नाही. ‘दर्जा आधी’ म्हणणाऱ्या कारखान्यात महिन्याभरात दोरी किती वेळा ओढली गेली, हे विचारीन. उत्तर शून्य आले तर चिंता करावी, कारण दोष नसलेला कारखाना जगात नाही, दोष न सांगणारे मात्र पुष्कळ आहेत. मग विचारीन की ओढल्यावर कोण आले आणि किती वेळात. आणि शेवटी बोनसचा कागद मागीन, तो कोणत्या आकड्यावर ठरतो ते पाहायला. पहिल्या दोन उत्तरांशी तिसरे जुळत नसेल तर काही महिन्यांत पहिली दोन तिसऱ्यासारखी होतात. व्हॅन नाइसला तसेच झाले.

नुम्मी पाव शतक चालला. 2009 मध्ये दिवाळखोरीत गेलेली जनरल मोटर्स भागीदारीतून बाहेर पडली, टोयोटाने एकटीने तो कारखाना चालवायचे नाकारले आणि 1 एप्रिल 2010 रोजी शेवटची कोरोला बाहेर पडली. सुमारे 4,700 माणसांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांच्या कामात खोट नव्हती. निर्णय दोन मालक कंपन्यांच्या रणनीतीचा होता आणि तिथवर कारखान्यातली कुठलीच दोरी पोचत नव्हती. इमारत पुढे टेस्लाने विकत घेतली.